युरोपच्या पर्यटन व्हिसासाठी ग्राहकांना पाठवायची यादी: कागद, तारखा आणि विमा

प्रश्न: "मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात छोटे टूर ऑफिस चालवते. युरोपच्या व्हिसासाठी ग्राहकांना कागदपत्रांची यादी ईमेलने पाठवते, पण निम्मे कागद चुकीचे किंवा जुने येतात, आणि प्रवासविम्यात तर दरवेळी घोळ होतो. अशी यादी कशी लिहावी? नमुना मिळाला तर बरे होईल."

ताई, चुकीचा कागद येतो तेव्हा त्याचे नाव यादीत बहुधा असतेच. तो कोणाचा हवा, कोणत्या तारखेपर्यंतचा हवा आणि कधी काढायचा, एवढे मात्र तिथे लिहिलेले नसते. 'बँक स्टेटमेंट' हे दोन शब्द वाचून एक जण पासबुकाच्या पानांचे फोटो पाठवतो, दुसरा जानेवारीत काढलेले स्टेटमेंट मार्चमधल्या अपॉइंटमेंटसाठी देतो, आणि तिसरा कारखान्याच्या चालू खात्याचे देऊन घरच्या बचत खात्याचे विसरतो. तिघांनीही आपापल्या समजुतीने यादी पाळलेली असते. म्हणून मी एकच लांबलचक यादी पाठवणे बंद केले आहे. मी तीन ईमेल पाठवते. पहिल्यात ज्यांना वेळ लागतो ते कागद, दुसऱ्यात ज्यांची तारीख लवकर शिळी होते ते कागद, आणि तिसऱ्यात फक्त विमा. प्रत्येक ईमेलमध्ये कुटुंबातल्या प्रत्येक माणसाचा वेगळा परिच्छेद असतो.

पुढचे सारे मी शेंगेन व्हिसा धरून लिहिते, कारण आपल्याकडून उन्हाळ्यात जाणारी बरीच कुटुंबे स्वित्झर्लंड-पॅरिस अशीच जातात आणि विमा सक्तीचा असल्यामुळे घोळही तिथेच होतो. दुसऱ्या देशांचे नियम वेगळे आहेत. ब्रिटनच्या पर्यटन व्हिसाला, उदाहरणार्थ, प्रवासविमा हा सक्तीचा कागद नाही. शेंगेनमध्येही मूळ नियम सगळ्या देशांना एकच असले, तरी किती महिन्यांचे स्टेटमेंट, किती वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेचा शिक्का हवा की नको, हे देशागणिक आणि काळागणिक बदलते. त्यामुळे हे आकडे मी जुन्या ईमेलमधून कधीच उचलत नाही. ज्या देशाकडे अर्ज जाणार, त्याच्या अर्ज केंद्राची यादी त्या दिवशी उघडून पाहते आणि 'ही यादी अमुक तारखेला पाहिली आहे' असे ईमेलच्या सुरुवातीलाच लिहिते. ग्राहकाच्या नातेवाइकाने गेल्या वर्षीची यादी पुढे केली, तर त्या एका ओळीमुळे वाद मिटतो.

एक कुटुंब धरून चालू, म्हणजे तपशील नीट दिसतील. पती मकरपुरा जीआयडीसीत वर्कशॉप चालवतात, पत्नी शाळेत शिक्षिका आहेत, मुलगी दहा वर्षांची, आणि बरोबर पतीची आई, वय 68, निवृत्तिवेतनधारक, मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे सुरू. 10 मेच्या रात्री मुंबईहून विमान, 11 मेला पॅरिस, तिथे चार रात्री, मग स्वित्झर्लंडमध्ये सहा रात्री, 21 मेच्या संध्याकाळी झुरिकहून निघून 22 मेच्या सकाळी मुंबई.

कागदांच्या आधी ठरवायचे ते अर्ज कुठे करायचा. विमान पॅरिसला उतरते म्हणून अर्ज फ्रान्सकडे, अशी समजूत सर्वत्र आहे. पण नियमाप्रमाणे ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज जातो, आणि मुक्काम सारखा असेल तरच पहिल्या प्रवेशाचा देश पाहिला जातो. इथे सहा रात्री स्वित्झर्लंडच्या आहेत, म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडे. ग्राहकाने नंतर 'पॅरिस दोन रात्री वाढवा' म्हटले, की सहा-चारचे चार-सहा होते, अर्जाचा देश बदलतो आणि त्याबरोबर यादीही बदलते. म्हणून मुक्कामांचा आराखडा ग्राहकाने ईमेलवर लेखी मान्य केल्याशिवाय मी यादी पाठवतच नाही.

त्यानंतर तारखा. अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस करता येतो. निर्णयाला सामान्यतः 15 दिवस लागतात, पण काही प्रकरणांत तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. 11 मेला युरोपात प्रवेश असेल, तर कायद्याने 26 एप्रिलपर्यंत अर्ज चालेल, परंतु ती तारीख धरून बसणे म्हणजे सुट्टी पणाला लावणे होय. मी 45 दिवस गृहीत धरूनच उलटी मोजणी करते. 10 मार्चला अर्ज दिला, तर 45 दिवस 24 एप्रिलला संपतात आणि हाताशी दोन आठवडे उरतात. मेच्या सुट्टीसाठी अहमदाबादच्या केंद्रातल्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून 10 मार्चची वेळ फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच घ्यावी लागते आणि पहिला ईमेल जानेवारीत जावा लागतो.

पहिल्या ईमेलमध्ये मी तीनच गोष्टी मागते: पासपोर्ट, नावे, आणि नात्याचे दाखले. पासपोर्टच्या फक्त पहिल्या पानाचा फोटो मागवू नका, पहिले, शेवटचे आणि शिक्के असलेले प्रत्येक पान मागवा. शेंगेन देशांतून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा लागतो आणि त्यात दोन पाने कोरी लागतात. मोठ्यांचे पासपोर्ट बहुधा पास होतात, अडकतो तो मुलांचा, कारण लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तो कधी संपतो हे आईवडिलांच्या लक्षात राहत नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलीचा पासपोर्ट 30 जुलैला संपतो असे समजा. प्रवास मेमध्ये आहे, म्हणून घरच्यांना काहीच अडचण दिसत नाही. पण 21 मेनंतर तीन महिने म्हणजे 21 ऑगस्ट, आणि पासपोर्ट त्याच्या तीन आठवडे आधी संपतो. असा अर्ज टिकत नाही. हे जानेवारीत कळले, तर वडोदऱ्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून नवा पासपोर्ट निवांत मिळतो. मार्चमध्ये कळले, तर सगळ्या कुटुंबाची अपॉइंटमेंट पुढे ढकलावी लागते. म्हणून ईमेलमध्ये 'पासपोर्ट वैध असावा' असे मोघम न लिहिता 'प्रत्येकाचा पासपोर्ट 21 ऑगस्टपर्यंत किंवा त्यापुढे वैध असावा' अशी प्रत्यक्ष तारीख लिहा. ही मोजणी करण्याचे काम आपले आहे, ग्राहकाचे नाही.

नावांचा प्रश्न आपल्या मराठी कुटुंबांत फार येतो. पत्नीचा पासपोर्ट लग्नाआधीच्या नावाने आणि बँक खाते सासरच्या नावाने, ही नेहमीची गोष्ट. शिवाय पासपोर्टमध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव कधी दिलेल्या नावात जोडलेले असते, कधी नसते. उपाय साधा आहे. अर्ज, तिकीट, हॉटेल आणि विमा, या चारही ठिकाणी नाव पासपोर्टमध्ये छापले आहे तसेच, अक्षर न अक्षर, आणि बँकेच्या वेगळ्या नावाचा खुलासा विवाह नोंदणीच्या दाखल्याने. पण हा दाखला कित्येक घरांत कधी काढलेलाच नसतो. असला तर तो गुजरातीत असतो, किंवा लग्न पुण्याकडे नोंदलेले असेल तर मराठीत, आणि मग इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते. मुलीच्या जन्मदाखल्याचेही तेच. या गोष्टींना दिवस लागतात, म्हणून त्यांची जागा पहिल्या ईमेलमध्येच आहे. मूल आईवडील दोघांबरोबर जात असेल तर जन्मदाखल्याने काम भागते. एकच पालक जात असेल, तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रतही याच वेळी मागून ठेवा.

दुसरा ईमेल अपॉइंटमेंटच्या साधारण तीन आठवडे आधी जातो. इथे प्रत्येक कागदापुढे तो कशासाठी हवा आहे याचे एक वाक्य लिहायला मी शिकले, आणि त्यानंतर उलटसुलट फोन बरेच कमी झाले. व्हिसा नाकारला जातो तेव्हा जे छापील पत्र येते, त्यात कारणे ठरलेली असतात: प्रवासाचा उद्देश आणि परिस्थिती यांचा पुरेसा पुरावा नाही, खर्चाची सोय दिसत नाही, परत जाण्याच्या इराद्याविषयी रास्त शंका आहे, विमा पुरेसा नाही, वगैरे. आपण मागतो तो प्रत्येक कागद यांपैकी कुठल्या तरी शंकेचे उत्तर असतो. ग्राहकाला ते उत्तर कळले, की तो स्वतःहून बरोबर कागद शोधतो.

पतीकडून आपण वर्कशॉपचे जीएसटी नोंदणीपत्र, गुमास्ताधाऱ्याचा किंवा उद्यम नोंदणीचा कागद, आयकर विवरणपत्रांच्या पोचपावत्या, आणि चालू व बचत अशा दोन्ही खात्यांची स्टेटमेंट मागतो. चालू खाते धंदा चालतो आहे हे दाखवते. सहलीचा खर्च मात्र बचत खात्यातून होणार, म्हणून दोन्ही लागतात. पत्नीकडून अलीकडच्या महिन्यांच्या पगारपावत्या आणि शाळेच्या लेटरहेडवर रजेचे पत्र. नुसते 'आमची हरकत नाही' एवढे लिहिलेले पत्र फार दुबळे असते. त्यात हुद्दा, नोकरी कधीपासून आहे ते, रजेच्या तारखा, आणि अमुक तारखेला कामावर परत हजर होणार हे वाक्य हवे. खाली सही, शिक्का आणि शाळेचा दूरध्वनी क्रमांक. त्या पत्राचा कच्चा मसुदा मीच ईमेलला जोडते, कारण शाळेच्या कार्यालयाला असे पत्र रोज लिहावे लागत नाही.

बँक स्टेटमेंटबद्दल दोन गोष्टी आवर्जून लिहा. पहिली, ते अपॉइंटमेंटच्या आधीच्या आठवड्यात काढायचे, त्याआधी नाही. नेट बँकिंगमधून आलेल्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून छापील प्रत द्यायची किंवा पासवर्ड काढून पाठवायची, आणि बँकेचा शिक्का लागत असेल तर शाखेत जाऊन घ्यायचा. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. शिल्लक कमी दिसते म्हणून लोक अर्जाच्या आधल्या आठवड्यात मेहुण्याकडून किंवा मित्राकडून चार लाख रुपये खात्यात घेतात. अधिकाऱ्याच्या नजरेत नेमकी हीच नोंद भरते, कारण आधीच्या महिन्यांची सरासरी शिल्लक आणि ही रक्कम यांचा मेळ बसत नाही. मुदत ठेव मोडून आलेले पैसे असतील, तर त्यात लपवण्यासारखे काही नाही. ठेवीची पावती जोडायची आणि अर्जासोबतच्या पत्रात एका वाक्यात खुलासा करायचा. ईमेलमध्ये मी स्पष्ट लिहिते: 'कृपया अर्जासाठी म्हणून कोणतीही मोठी रक्कम खात्यात जमा करू नये. अलीकडे अशी रक्कम जमा झाली असल्यास तिचा स्रोत आम्हाला कळवावा.' हे वाचून काही ग्राहक नाराज होतात, तरीही ते वाक्य मी काढत नाही.

तिकीट आणि हॉटेल यांबाबत ग्राहकाला एवढेच सांगा, की व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारे तिकीट घेऊ नये. आरक्षण पुरते. मात्र पैसे न भरता दोन दिवसांत आपोआप रद्द होणारी खोटी हॉटेल आरक्षणे जोडण्याची जी पद्धत बाजारात आहे, ती मला मुळीच मान्य नाही. दूतावास हॉटेलकडे चौकशी करू शकतो, आणि आरक्षण सापडले नाही तर फक्त हॉटेलचाच नव्हे, तर पूर्ण अर्जाचाच विश्वास जातो. ठरावीक तारखेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारे खरे आरक्षण घ्यावे आणि ती तारीख निर्णयाच्या अपेक्षित दिवसापुढची असावी.

आता नमुना. दुसऱ्या ईमेलमधला फक्त सासूबाईंचा परिच्छेद देते, कारण निवृत्त आणि मुलाच्या खर्चाने जाणाऱ्या व्यक्तीच्या यादीत सर्वांत जास्त गाळले जाते.

> आईंसाठी (अपॉइंटमेंट 10 मार्च, सकाळी; कागद आमच्याकडे 6 मार्चपर्यंत पोचावेत)
>
> 1. निवृत्तिवेतन जमा होते त्या खात्याचे स्टेटमेंट, 2 मार्चनंतर काढलेले. पासबुकाचे फोटो चालणार नाहीत. यावरून त्यांचे स्वतःचे नियमित उत्पन्न दिसते.
>
> 2. निवृत्तिवेतनाचा आदेश. तो गुजरातीत असल्यास तसाच पाठवावा, इंग्रजी भाषांतर आम्ही करून घेऊ.
>
> 3. आईंचा प्रवासखर्च आपण करणार असल्याचे आपले सही केलेले पत्र. मसुदा सोबत जोडला आहे. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईंचे नाव छापलेले आहे, ते आम्ही नात्याचा पुरावा म्हणून जोडत आहोत. त्या नावाचे स्पेलिंग आईंच्या पासपोर्टशी जुळते का, हे कृपया पाहावे.
>
> 4. दोन फोटो, 35 बाय 45 मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, गेल्या सहा महिन्यांत काढलेले. पासपोर्टमध्ये आहे तोच जुना फोटो देऊ नये.
>
> 5. आईंना अपॉइंटमेंटच्या दिवशी स्वतः यावे लागेल, कारण बोटांचे ठसे घेतले जातात. गेल्या पाच वर्षांत त्यांनी शेंगेन व्हिसासाठी ठसे दिले असल्यास त्या व्हिसाची प्रत पाठवावी.
>
> औषधांविषयी आणि विम्याविषयी वेगळा ईमेल येईल. विमा कृपया तोपर्यंत घेऊ नये.

यात प्रत्येक ओळीत काय हवे, कधीचे हवे आणि का हवे हे आहे. काय चालणार नाही हेही जिथे गरज आहे तिथेच सांगितले आहे. ठशांची मुदत नेमकी 59 महिने आहे, पण ग्राहकाला 'पाच वर्षे' म्हटलेले कळते आणि बाकीचे आपण तपासतो. मुलीच्या परिच्छेदात याच जागी 'बारा वर्षांखालील असल्यामुळे ठसे नाहीत' असे येते. शुल्कही माणसागणिक लिहावे. जून 2024पासून प्रौढांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45 युरो आणि सहा वर्षांखालच्यांना शून्य असे आहे. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे पडते, आणि रुपयांतला आकडा विनिमयदराप्रमाणे बदलतो.

कागद परत पाठवताना फाइलला नाव कसे द्यायचे हेही ठरवून द्या, नाहीतर `scan001.pdf` नावाच्या दहा फाइली येतात. मी माणसाचा क्रमांक आणि कागदाचा क्रमांक देते. आईंचे स्टेटमेंट असे येते:

```
P4_01_BANK.pdf
```

आता तिसरा ईमेल, विम्याचा. तुमचा खरा घोळ इथे आहे, आणि त्याचे कारण मला असे वाटते, की व्हिसासाठी विमा आणि माणसासाठी विमा या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, पण ग्राहकाला आपण एकच ओळ लिहितो: 'ट्रॅव्हल इन्शुरन्स'.

दूतावास काय पाहतो ते आधी. शेंगेनच्या नियमाप्रमाणे विमा किमान 30,000 युरोचा हवा, सर्व शेंगेन देशांत लागू हवा, मुक्कामाचे सगळे दिवस त्यात यायला हवेत, आणि तातडीचे उपचार, रुग्णालयातला खर्च, वैद्यकीय कारणाने किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणणे, हे त्यात असायला हवे. आपल्याकडच्या पॉलिसी बहुधा अमेरिकन डॉलरमध्ये असतात. 30,000 डॉलरची पॉलिसी ऑनलाइन स्वस्त दिसते म्हणून कोणी घेतली, तर ती 30,000 युरोला पुरत नाही. म्हणून मी ईमेलमध्ये 'किमान 50,000 अमेरिकन डॉलर' असे लिहिते, म्हणजे विनिमयदर हलला तरी चिंता नाही. प्रदेशाच्या रकान्यात शेंगेनचा उल्लेख छापलेला असावा. नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टप्रमाणे असावेत. मुलीचा पासपोर्ट नवा झाला असेल, तर विम्यावर जुना क्रमांक राहून जातो, कारण विमा भरणाऱ्याच्या संगणकात जुनीच माहिती साठवलेली असते. पत्नीचे नाव इथे सासरच्या आडनावाने पडण्याची शक्यता सर्वांत अधिक. अर्ज देण्याआधी चूक दिसली, तर विमा कंपनी दुरुस्ती करून देते, म्हणून पॉलिसी हाती येताच तिची प्रत आमच्याकडे पाठवण्यास मी सांगते.

दिवसांची मोजणी हा सर्वांत मोठा सापळा. आपल्या कुटुंबाचा शेंगेनमधला मुक्काम 11 ते 21 मे, म्हणजे प्रवेशाचा आणि निघण्याचा दिवस धरून 11 दिवस. विमा मात्र घर सोडल्यापासून परत येईपर्यंतचा हवा: 10 मेच्या रात्रीच्या विमानापासून 22 मेच्या सकाळपर्यंत, म्हणजे 13 दिवस. एका कुटुंबाने सहलीच्या पत्रकावरचे 'दहा रात्री, अकरा दिवस' पाहून 10 मेपासून अकरा दिवसांचा विमा घेतला होता. तो 20 मेला संपत होता आणि माणसे 21 मेच्या संध्याकाळपर्यंत झुरिकमध्ये असणार होती. असा विमा अर्जाबरोबर गेला, तर मुक्कामाचा शेवटचा दिवस उघडा पडतो. म्हणून दिवसांची संख्या ग्राहकाला मोजायला देऊ नका. 'सुरुवात 10 मे, समाप्ती 22 मे' अशा दोन तारखाच लिहा. परतीच्या विमानाला उशीर होण्याची शक्यता धरून मी समाप्ती आणखी दोन दिवस पुढे, 24 मे, अशी सुचवते. त्याने हप्त्यात किरकोळच फरक पडतो. एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मिळाला, तरी अर्जासोबत पहिल्या सहलीपुरताच विमा पुरतो. पुढच्या प्रत्येक सहलीला नवा विमा घ्यायची जबाबदारी प्रवाशाची असते आणि अर्जावर तसे मान्य करून सही केलेली असते. हे ग्राहकाला लक्षात आणून द्या.

दूतावास जे पाहत नाही, ते आपण पाहायचे. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे. कितीतरी साध्या पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजारांमुळे उद्भवलेला खर्च वगळलेला असतो, किंवा जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरताच मर्यादित रकमेपर्यंत दिला जातो. साठीच्या पुढच्या प्रवाशांसाठी खोलीभाडे, शल्यचिकित्सकाचे शुल्क अशा बाबींना वेगळ्या मर्यादाही असू शकतात, मग पॉलिसीच्या पहिल्या पानावर कितीही मोठी रक्कम छापलेली असो. अशी पॉलिसी व्हिसाला चालते, पण सासूबाईंना पॅरिसमध्ये छातीत दुखू लागले तर कामी येईल का, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे तिसऱ्या ईमेलमध्ये मी त्यांच्यासाठी चार प्रश्न विमा कंपनीला लेखी विचारायला सांगते: आधीच्या आजारांसाठी किती रकमेपर्यंत संरक्षण आहे, वयानुसार उपमर्यादा आहेत का, प्रत्येक दाव्यात प्रवाशाने स्वतः भरायची रक्कम किती, आणि मदतीचा क्रमांक युरोपातून कोणता. उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्यांच्या एकट्यासाठी वेगळी, महाग पण बरी पॉलिसी घेणे शहाणपणाचे. कुटुंबाची एकच पॉलिसी असली पाहिजे असा दूतावासाचा आग्रह नसतो.

आजार लपवून विमा घेऊ नये, हे वाक्य मी ठळक अक्षरांत लिहिते. 'आजार सांगितला तर हप्ता वाढतो, सांगू नका' असा सल्ला घराघरांत दिला जातो. दाव्याच्या वेळी कंपनी जुनी कागदपत्रे मागते, त्यात वर्षानुवर्षांची औषधे दिसतात, आणि परदेशातल्या रुग्णालयाचे बिल मुलाच्या खिशातून जाते. शिवाय विमा भारतातून निघण्यापूर्वी घेतलेला असावा लागतो. विमानतळावर पोचल्यावर घाईघाईत घेतलेल्या पॉलिसीत आजारांच्या रकान्याकडे कोण लक्ष देणार?

याच संदर्भात तुमच्यासाठी एक सूचना. तुमच्याकडे विमा विकण्याची, म्हणजे विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे एजंट किंवा तत्सम नोंदणी नसेल, तर ईमेलमध्ये 'ही पॉलिसी घ्या' असे लिहू नका. काय असावे ते लिहा आणि निवड ग्राहकावर किंवा नोंदणीकृत एजंटावर सोडा. दावा नाकारला गेला, तर तुमचे ते वाक्य तुमच्याच समोर ठेवले जाते.

विमा केव्हा घ्यायचा, हेही तारखेनिशी लिहा: अर्जाच्या तारखा पक्क्या झाल्यावर, अपॉइंटमेंटच्या आधी, म्हणजे आपल्या उदाहरणात 3 ते 7 मार्चच्या दरम्यान. आधी घेतला, तर तारखा बदलल्यावर दुरुस्तीची धावपळ. उशिरा घेतला, तर अर्जच अपुरा. व्हिसा नाकारला गेल्यास नकारपत्र आणि पासपोर्टची प्रत दाखवून बहुतेक कंपन्या काही शुल्क वजा करून हप्ता परत करतात, पण ही मागणी विमा सुरू होण्याच्या तारखेआधीच करावी लागते, म्हणून नकारपत्र मिळताच त्याच दिवशी लिहायला सांगा.

ईमेलवर पासपोर्ट आणि बँकेची कागदपत्रे येतात, तेव्हा शेवटी एक ओळ अवश्य असू द्या: 'आम्ही आपल्याकडून नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागत नाही, आणि काम झाल्यावर आपली कागदपत्रे आमच्या संगणकातून काढून टाकतो.' आणि ती ओळ लिहिली, की तसे खरोखरच करा. ग्राहकांचे पासपोर्ट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका.

तीनही ईमेल थोडक्यात असे: जानेवारीत पासपोर्ट, नावे, नात्याचे दाखले, फेब्रुवारीच्या मध्यावर उत्पन्न, रजा, स्टेटमेंट आणि फोटो, मार्चच्या सुरुवातीला विमा. व्हिसा हाती आल्यावर एक छोटा चौथा ईमेल पाठवावा असे मी सुचवेन. त्यात स्टिकरवरचे नाव, पासपोर्ट क्रमांक, वैधतेच्या तारखा, प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे मंजूर दिवस ग्राहकाने स्वतः वाचून कळवायचे असतात. वैधतेच्या दोन तारखांमधले अंतर मुक्कामाच्या मंजूर दिवसांपेक्षा मोठे असू शकते, कारण वैधतेत 15 दिवसांची जादा सवलत धरलेली असते. ते पाहून सासूबाईंना वाटते की चार दिवस जास्त राहता येईल. राहता येते ते मंजूर दिवसांइतकेच, आणि विमाही तेवढ्याच दिवसांचा आहे. त्याच ईमेलमध्ये त्यांच्या औषधांची इंग्रजी नावे असलेली डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची औषधे हातातल्या बॅगेत ठेवण्याची आठवण करून द्या.